मदत हवी आहे: पुरवठादाराचा चेक गहाळ झाला, जुना थांबवून नवा दिला, नोंदी कशा कराव्यात?

नागदेवी_हिशेब

नमस्कार. नागदेवी स्ट्रीटवरील बेअरिंगच्या एका पेढीत मी हिशेब लिहितो. पेढी एकल मालकीची असून हिशेब टॅलीत आहेत.

वसईच्या एका लहान कारखानदाराचे २० फेब्रुवारी २०२५ चे ६४,९०० रुपयांचे बिल होते (माल ५५,००० आणि जीएसटी ९,९००). त्यापोटी १८ मार्चला चेक क्रमांक ०००४१७ कुरिअरने पाठवला आणि त्याच दिवशी पुरवठादाराच्या नावे व बँकेच्या जमेस नोंद केली. ९ एप्रिलला त्यांचा फोन आला, की चेक पोहोचलाच नाही. कुरिअरकडे पोच नव्हती. खात्याचा उतारा पाहून चेक वटलेला नाही याची खात्री केली आणि त्याच दिवशी पेमेंट थांबवण्याची सूचना दिली. बँकेने त्याचे २३६ रुपये कापले. ११ एप्रिलला नवा चेक ०००४३१ हातोहात दिला, तो १५ तारखेला वटला.

३१ मार्चला आमच्या बँक पुस्तकात ३,१२,४५० रुपये आणि बँकेच्या उताऱ्यात ३,७७,३५० रुपये शिल्लक होती. फरक नेमका या चेकचा आहे. आता जुन्या नोंदीचे काय करावे, हे मला कळत नाही. मालक म्हणतात की जुन्या व्हाउचरमध्ये फक्त चेकचा क्रमांक बदला, म्हणजे काम संपले. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगताही येत नाही.

गिरगाव_वाणिज्य

आपले मालक फार चुकीचे सांगत नाहीत. पैसे एकदाच गेले आहेत, त्यामुळे नोंदही एकच असावी. जुन्या व्हाउचरमध्ये ४१७ च्या जागी ४३१ लिहा आणि तारीख ११ एप्रिल करा. विनाकारण तीन-तीन नोंदी वाढवून खतावणी भरवण्यात अर्थ नाही. बँकेचे २३६ रुपये तेवढे खर्चात टाका.

जुनी_खतावणी

गिरगावकर साहेब, पैसे एकदाच गेले हे खरे, पण चेक दोन लिहिले गेले, आणि हिशेबाला चेकबुकातल्या प्रत्येक पानाचा जाब द्यावा लागतो. व्हाउचर ११ एप्रिलला नेले, की मार्चअखेरची बँक शिल्लक आपोआप ६४,९०० ने वाढेल आणि जुळवणीचा जो कागद काढून ठेवला असेल तो खोटा ठरेल. तारीख न बदलता फक्त क्रमांक बदलला, तर १८ मार्चला असा चेक दिल्याचे दिसेल जो प्रत्यक्षात ११ एप्रिलला फाडला गेला. दोन्ही वाटा बंद आहेत. जुनी नोंद जशी आहे तशी ठेवा आणि पुढच्या नोंदी घटनेच्या क्रमाने करा.

९ एप्रिल: बँक खाते नावे ६४,९००, पुरवठादाराच्या खात्यास जमा ६४,९००. तपशिलात "चेक ०००४१७ गहाळ, पेमेंट थांबवले" असे लिहा आणि बँकेने सूचना स्वीकारल्याचा क्रमांक टाका.

९ एप्रिल: बँक खर्च नावे २००, जीएसटी इनपुट नावे ३६, बँकेस जमा २३६.

११ एप्रिल: पुरवठादार खाते नावे ६४,९००, बँकेस जमा ६४,९००, चेक ०००४३१.

टॅलीत पहिली नोंद Receipt व्हाउचरने करा. बिलनिहाय तपशिलात मूळ बिलाचाच क्रमांक द्या. तेथे On Account ठेवले, तर पुरवठादाराची शिल्लक बरोबर येईल, पण कोणते बिल किती दिवस थकले हे विचारले की गोंधळ होईल.

यानंतरची चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. ४१७ ची मूळ नोंद आणि तिची उलट नोंद, या दोन्ही बँकेच्या उताऱ्यात कधीच येणार नाहीत. म्हणून कारकून त्यांना बँक तारीख देत नाहीत आणि त्या दरमहा जुळवणीत दोन्ही बाजूंना लोंबकळत राहतात. बेरीज शून्य असल्यामुळे कोणाला टोचत नाही, आणि दोन वर्षांनी ऑडिटर विचारतो की हा चेक अजून वटला का नाही. दोन्ही नोंदींना ९ एप्रिल हीच बँक तारीख द्या. मार्चअखेरच्या जुळवणीत ४१७ "दिलेला पण न वटलेला" म्हणून दिसतच राहील, कारण त्या दिवशी तो तसाच होता.

मुलुंड_सोसायटी

आमच्या सोसायटीत असेच झाले होते. एका सभासदाने मेंटेनन्सचा चेक दिला, तो परत आला आणि बँकेने आमच्याकडून शुल्क कापले. ते शुल्क आम्ही सभासदाच्या खात्यावर टाकले. आपणही २३६ रुपये पुरवठादाराच्या नावे टाकू शकता.

जुनी_खतावणी

मुलुंडकर ताई, आपल्याकडे चेक आलेला होता आणि तो वटला नाही. इथे चेक गेलेला आहे आणि तो पोहोचलाच नाही. पाठवणारे कुरिअर आपण निवडले, त्यामुळे त्या खर्चाचा भार पुरवठादारावर टाकणे योग्य नाही. टाकलात तर तो मान्य करणार नाही आणि त्याच्या व आपल्या खात्यात कायमचा २३६ चा फरक राहील.

नागदेवी_हिशेब

मनापासून आभार. अजून दोन शंका आहेत. जुना चेक नंतर सापडला तर? आणि पुरवठादाराकडून मार्चअखेरची शिल्लक विचारणारे पत्र आले आहे. त्यांच्या पुस्तकात ६४,९०० येणे आहे, आमच्या पुस्तकात शून्य.

जुनी_खतावणी

पुरवठादाराकडून एक साधे पत्र घ्या, की ४१७ मिळालेला नाही, सापडल्यास भरणार नाही व परत करू. तो अकाउंट पेयी रेघांचा असेल, तर दुसऱ्या कोणाच्या खात्यात जाण्याची भीती कमी असते. खरा धोका असा असतो, की त्यांच्याच कार्यालयात तो टपालाच्या गठ्ठ्यात सापडतो आणि कोणी नवखा मुलगा भरून टाकतो. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत लक्ष ठेवा. शिल्लक-पत्रावर फरक लपवू नका. "१८ मार्चचा चेक आपणास पोहोचला नाही, ११ एप्रिलला नवा दिला" असे लिहून पाठवा.

फोर्ट_सीए

मूळ प्रश्नाचे उत्तर वर बरोबर दिले आहे, पण मार्चअखेरबाबत माझे मत वेगळे आहे. चेक पुरवठादाराच्या हाती पडलाच नाही, म्हणजे ३१ मार्चला देणे फिटले नव्हते, आणि पुस्तके बंद होण्याआधी हे आपल्याला कळले आहे. म्हणून ताळेबंदात बँक शिल्लक आणि पुरवठादाराचे देणे, दोन्ही ६४,९०० ने वाढवून दाखवावे असे मी म्हणेन. नफ्यावर परिणाम नाही.

आयकरावर मात्र होऊ शकतो, आणि त्याकडे कोणी पाहिलेले नाही. कारखानदाराची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु असेल, तर कलम ४३ब (ह) लागते: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर वजावट ज्या वर्षी पैसे दिले त्याच वर्षी मिळते. लेखी करार असला तरी २० फेब्रुवारीपासून ४५ दिवस ६ एप्रिलला संपतात. करार नसेल तर १५ दिवसांची मुदत मार्चच्या पहिल्या आठवड्यातच संपली. नवा चेक ११ एप्रिलचा. म्हणजे ५५,००० ची वजावट २०२४-२५ मध्ये न मिळता पुढच्या वर्षी मिळेल. "आम्ही मार्चमध्येच चेक लिहिला होता" हा युक्तिवाद न पोहोचलेल्या चेकला टिकेल असे मला वाटत नाही.

जुनी_खतावणी

ताळेबंदाच्या मुद्द्यावर मी अजूनही पुस्तकातला मार्च हलवणार नाही; बदल करायचा तर तो फक्त ताळेबंद काढताना करावा, असे माझे मत आहे. ४५ दिवसांचा मुद्दा मात्र माझ्या नजरेतून सुटला होता.

नागदेवी_हिशेब

उद्यम प्रमाणपत्र मागवले. "सूक्ष्म, उत्पादन" असे लिहिले आहे, आणि लेखी करार आमच्याकडे नाही. वरच्या तीनही नोंदी केल्या, दोन्ही व्हाउचरना ९ एप्रिलची बँक तारीख दिली, एप्रिलची जुळवणी लागली. ताळेबंदाचे आमच्या ऑडिटरना विचारतो. मालकांना ५५,००० चे आज संध्याकाळी सांगायचे आहे.