एआय टूलनं काढलेल्या स्लाइड्स तपासायच्या कशा? विषय मलप्रभा नदी

खानापूर_मास्तर: नववीच्या पोरांसाठी एक ओळ टाकली, "मलप्रभा नदी आणि खानापूर तालुका", आणि १४ स्लाइड आल्या. दिसायला छान आहेत पण वाचताना काहीच हाताला लागत नाही, आणि सगळ्या सारख्याच वाटतात. शुक्रवारी दाखवायच्या आहेत, कुठनं सुरुवात करू?

निपाणीकर: मराठी अक्षरं फुटताहेत का? माझी जोडाक्षरं पार तुटलेली, फॉन्ट बदलला आणि झालं.

खानापूर_मास्तर: नाही ओ, अक्षरं नीट आहेत, मजकूरच पोकळ आहे.

टिळकवाडी_७: पहिल्यांदा प्रत्येक वाक्यात मलप्रभेच्या जागी कृष्णा घालून वाचा. "नदी ही परिसराची जीवनदायिनी आहे" हे तसंच्या तसं चालतं ना, मग काढून सोडा. "कणकुंबीजवळ उगम" हे चालणार नाही, ते ठेवा. मग सगळ्या स्लाइड बारीक करून एका स्क्रीनवर बघा, मी बघते तेव्हा निम्म्याहून जास्त तीन चौकोन आणि तीन आयकॉनच असतात. साच्यात तीन जागा असतात म्हणून मुद्दे दोनच असले तरी टूल तिसरा कुठनं तरी आणून भरतं, खोटं बहुतेक तिथंच सापडतं. उगमापासून कूडलसंगमापर्यंतचा प्रवास चौकोनात कशाला, एक नकाशा लावा की.

शहापूर_पेठ: एवढं कशाला, प्रॉम्प्टमध्येच "सोर्ससकट दे" म्हणायचं, चुका होतच नाहीत.

टिळकवाडी_७: सोर्स मागणं बरोबर आहे पण लिंक उघडून ते वाक्य तिथं आहे का बघायलाच लागतं. कधी लिंक खरी असते आणि आत भलतंच. मास्तर, आकडे, नावं, साल सगळं पिवळं करा आणि एकेक तपासा, खाली नोट्समध्ये लिहून आलेलं असतं तेपण.

खानापूर_मास्तर: केलं. गोकाकचा धबधबा मलप्रभेवर दाखवलाय, तो घटप्रभेवरचा, हे लगेच कळलं. पण "म्हादईचं १३.४२ टीएमसी पाणी मलप्रभेत येणार" हे मी बरोबर धरलेलं, आकडा पेपरात वाचलेला.

टिळकवाडी_७: आकडा खरा, वाक्य खोटं. २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला एकूण १३.४२ आहे, त्यात ८.०२ वीजनिर्मितीचं. कळसा आणि बंडुरा या म्हादईच्या नाल्यांचं मिळून मलप्रभेत वळवायचं ते १.७२ अधिक २.१८, म्हणजे ३.९ फक्त. असली चूक सगळ्यात वाईट, कारण आकडा शोधला तर सापडतो आणि आपण पुढं जातो, म्हणून आकडा कशाचा तेपण वाचायचं.

शहापूर_पेठ: मग ती स्लाइडच काढा, वादाचा विषय शाळेत कशाला.

खानापूर_मास्तर: हे पाणी वळवायचा कणकुंबीचा कालवा पोरांनी डोळ्यानं बघितलाय ओ, ते विचारणारच, मी ठेवणार. १४ च्या ९ झाल्या. आता धरणाचं चित्र राहिलं, खाली नविलुतीर्थ लिहिलंय पण ते टूलनंच काढलेलं वाटतं. सौंदत्तीकडं कोण असेल तर स्वतः काढलेला एक फोटो द्याल का?