ऑप्टिकलने जोडलेल्या जुन्या साउंडबारवर यूट्यूबचा आवाज येतो, नेटफ्लिक्सचा येत नाही – मदत हवी आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आई-बाबा साताऱ्याला असतात. जुना टीव्ही गेला म्हणून गेल्या महिन्यात त्यांना नवा स्मार्ट टीव्ही घेतला. त्याचा स्वतःचा आवाज अगदी चपटा आहे आणि आईला हल्ली कमी ऐकू येतं. मालिकेत कोण काय बोललं ते ती बाबांना सारखं विचारते. घरात २०१३ साली घेतलेला साउंडबार होता, तो माळ्यावरून काढला. त्याला एचडीएमआय नाही. मागे फक्त ऑप्टिकल, ऑक्स आणि यूएसबी. टीव्हीला ऑप्टिकल आउट आहे, म्हणून नवीन केबल आणून जोडली.

आता गंमत अशी, की यूट्यूब लावलं की बारमधून सुरेख आवाज येतो. सेट टॉप बॉक्सवरच्या बातम्या, मालिका सगळं ठीक. पण नेटफ्लिक्सवर सिनेमा लावला की बार मुका. एका एचडी वाहिनीवरही तसंच होतं. टीव्हीचे स्पीकर निवडले की तोच सिनेमा नीट ऐकू येतो. केबल बदलून आणली, फरक नाही. दुकानदार म्हणाला बार जुना झाला, नवा घ्या. मी सोमवारी पहाटे पुण्याला परत निघणार, त्याआधी हे लावून द्यायचं आहे. कुणी सांगेल का?

आप्पा_वाईकर

आमच्याकडेही ऑप्टिकल वायर कपाटामागे मुडपली होती, दोन दिवस नेट बंद. कंपनीच्या माणसाने येऊन जोड मारला तेव्हा चालू झालं. तुमची वायर कुठे दबली आहे का बघा. राउटरवर लाल दिवा लागतो का?

मिलिंद_बोरिवली

आप्पा, ती ब्रॉडबँडची वायर, ही टीव्हीची.

कृष्णाकाठ, ऑप्टिकलमधून फक्त स्टिरिओ जातो. नेटफ्लिक्सचे सिनेमे ५.१ असतात, ते त्या केबलमध्ये मावतच नाहीत, म्हणून आवाज येत नाही. उपाय एकच, एचडीएमआय एआरसी असलेला बार घ्या. उगाच वेळ घालवू नका.

सोल्डरवाला

थांबा, लगेच बार घेऊ नका. ठाण्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे आणि हे दुखणं महिन्यातून दोन-तीनदा तरी येतं. आधी तीन गोष्टी बघून सांगा.

नेटफ्लिक्स चालू असताना बारच्या बाजूचं केबलचं टोक काढा आणि तळहातासमोर धरा. लाल प्रकाश दिसतो का? यूट्यूब चालू असतानाही तेच करा.

बारवर किंवा त्याच्या खोक्यावर डॉल्बीचं चिन्ह, म्हणजे एकमेकांकडे तोंड केलेले दोन डी, कुठे छापलेले आहेत का?

टीव्हीच्या Sound मेनूमध्ये Digital Audio Out किंवा त्यासारखं काही असेल. तिथे आत्ता काय निवडलेलं आहे?

कृष्णाकाठ

दादा, लाल ठिपका दोन्ही वेळा दिसतो, तेवढाच ठळक. बार उलटा करून टॉर्च मारून बघितला. खाली फक्त ब्लूटूथचं चिन्ह आणि व्होल्टेजचा कागद आहे, दोन डी कुठेच नाहीत. टीव्हीत `Digital Audio Out` सापडलं. `Auto` वर आहे, खाली `Pass Through` आणि `PCM` असे पर्याय दिसतात.

सोल्डरवाला

मग निदान झालं. `PCM` निवडा. सिनेमा पूर्ण बंद करून नेटफ्लिक्समधून बाहेर या आणि पुन्हा लावा, कारण चालू सिनेमात हा बदल कधी कधी लागू होत नाही.

कारण सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच ओळखता येईल. प्रकाश दोन्ही वेळा येतोय, म्हणजे केबल आणि टीव्हीचं भोक दोन्ही धडधाकट आहेत. फरक आहे तो त्या प्रकाशातून काय पाठवलं जातंय याचा. यूट्यूबचा आवाज टीव्ही स्वतः उलगडतो आणि साधा स्टिरिओ पीसीएम म्हणून पुढे देतो. तो कुठल्याही बारला कळतो. नेटफ्लिक्सचा ५.१ ट्रॅक डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो. ऑप्टिकलच्या ठरलेल्या पद्धतीत प्लस बसत नाही, म्हणून `Auto` वर असलेला टीव्ही त्याचं साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर करून पाठवतो. तुमच्या बारमध्ये डॉल्बी उलगडणारी चिपच नाही. त्याला एक गाठोडं मिळतं, ते सोडता येत नाही, म्हणून तो गप्प बसतो. त्या एचडी वाहिनीचंही तेच, ती डॉल्बीत येत असणार.

गप्प बसतो हे चांगलंच आहे. सिग्नलमध्येच एक खूण असते, की हा थेट वाजवायचा आवाज नाही. काही स्वस्त बार ती खूण बघत नाहीत आणि गाठोडंच वाजवायला जातात. मग कर्कश खरखर येते, आणि लोकांना वाटतं स्पीकर फाटला.

मिलिंद, तुमचं अर्धं बरोबर आहे. न दाबलेला ५.१ ऑप्टिकलमधून जात नाही, हे खरं. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या स्टिरिओला सेकंदाला सुमारे १५ लाख बिट लागतात. सहा वाटा तशाच पाठवायच्या तर ४६ लाख होतील, आणि या पद्धतीत पीसीएमच्या दोनच वाटांची सोय आहे. पण डॉल्बी डिजिटलचा दाबलेला ५.१ जास्तीत जास्त ६ लाख ४० हजारांत बसतो. साधा डीटीएसही स्टिरिओच्याच जागेत मावतो. त्यामुळे डॉल्बी कळणारा बार असेल तर ऑप्टिकलवर ५.१ व्यवस्थित मिळतो. ट्रूएचडी, डीटीएस-एचडी आणि अॅटमॉस मात्र नाही. त्यासाठी एचडीएमआयच लागतं.

मिलिंद_बोरिवली

दाबलेला ५.१ जातो हे मला ठाऊक नव्हतं. पण मग पीसीएमवर टाकल्यावर मधल्या स्पीकरचे संवाद गायब नाही का होणार? त्यांच्या आईंना तर संवादच ऐकायचे आहेत.

सोल्डरवाला

नाही होत. टीव्ही ५.१ उलगडतो आणि मधली वाट डाव्या-उजव्या दोन्हींत समान मिसळतो. संवाद मधूनच आल्यासारखे वाटतात. हरवते ती मागच्या स्पीकरची वेगळी जागा, आणि त्यांच्या बारला मागचे स्पीकर नाहीतच.

आप्पा, तुमचा मुद्दा अगदीच वाया नाही. ही तार साधारण एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक धाग्याची असते, फार मुडपली तर प्रकाश गळतो. पण तसं असतं तर यूट्यूबही तुटक वाजलं असतं.

कृष्णाकाठ

झालं! `PCM` केलं, ॲप बंद करून पुन्हा उघडलं आणि बार बोलायला लागला. ती एचडी वाहिनीही लागली. आईने खुर्ची मागे सरकवली, म्हणाली आता एवढं जवळ बसायला नको. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे टीव्हीच्या रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होत नाही. बारचा रिमोट वेगळा आहे आणि आईच्या हाताला त्याची बारीक बटणं सापडत नाहीत. दुसरं म्हणजे पेनड्राइव्हवरचा एक जुना सिनेमा अजूनही मुका आहे, आणि आता टीव्हीच्या स्पीकरवरही मुकाच.

सोल्डरवाला

पेनड्राइव्हचं सोपं आहे. टीव्हीच्या स्पीकरवरही येत नाही म्हणजे बारचा संबंध नाही. बहुधा त्या फाइलचा आवाज डीटीएसमध्ये आहे आणि तुमच्या टीव्हीत डीटीएस नाही. अलीकडच्या बऱ्याच टीव्हींमध्ये नसतो. संगणकावर फाइल उघडून आवाजाचा ट्रॅक बघा. डीटीएस असेल तर चित्राला हात न लावता फक्त आवाज बदलता येतो. एफएफएमपेग असेल तर:

```
ffmpeg -i juna.mkv -c:v copy -c:a aac -ac 2 nava.mkv
```

रिमोटचं जरा अवघड आहे. ऑप्टिकलमधून फक्त आवाज जातो, तोही एकाच दिशेने. आवाज वाढव, बंद हो असले हुकूम त्यातून जात नाहीत. पीसीएमवर असताना काही टीव्ही ऑप्टिकलचाही आवाज रिमोटने बदलू देतात. मेनूत `Variable` आणि `Fixed` असं काही आहे का बघा. नसेल तर बारला टीव्हीच्या रिमोटची बटणं शिकवता येतात का ते बघावं लागेल. काही बारमध्ये ती सोय असते, पण ती बारच्या पुस्तिकेतच सापडते.

गोदाकाठची

मी हा धागा वाचून घरी `PCM` केलं आणि आमचं बिघडलं. आमच्याकडे जुना पाच स्पीकर आणि वूफरचा होम थिएटर आहे, तोही ऑप्टिकलवरच. आधी नेटफ्लिक्स लावलं की त्याच्या छोट्या पडद्यावर `DOLBY D` यायचं, आता `PCM` येतं आणि मागच्या दोन स्पीकरमधून काहीच नाही.

सोल्डरवाला

ताई, तुमच्यासाठी उत्तर उलटं आहे. तुमच्या यंत्राला डॉल्बी कळतं, पडद्यावर तेच लिहून येत होतं. परत `Auto` वर टाका. `PCM` हा डॉल्बी नसलेल्या बारसाठी.

गोदाकाठची

टाकलं, मागचे स्पीकर परत आले. आता एकच विचारते. डीव्हीडी प्लेअर टीव्हीला एचडीएमआयने जोडलाय. त्यावर ५.१ची डिस्क लावली तरी पडद्यावर `PCM` च येतं. नेटफ्लिक्सला डॉल्बी, डिस्कला पीसीएम, असं का?

सोल्डरवाला

दोन शक्यता आहेत. प्लेअरच आवाज उलगडून देत असेल, तर त्याच्या मेनूत डिजिटल आउटपुट बिटस्ट्रीमवर टाका. तेवढ्याने झालं नाही, तर टीव्ही एचडीएमआयवरून आलेला आवाज ऑप्टिकलला देताना स्टिरिओ करतोय. टीव्ही जरा जुना असेल तर हे खूपदा दिसतं आणि त्याला सेटिंग नसतं. मग प्लेअरचं ऑप्टिकल थेट होम थिएटरला लावावं लागेल.

गोदाकाठची

प्लेअरचं बिटस्ट्रीम केलं, तरीही `PCM`. होम थिएटरला ऑप्टिकलचं एकच भोक आहे आणि तिथे टीव्ही लागलाय. दरवेळी कपाट सरकवून तार बदलायची का?

मिलिंद_बोरिवली

ऑप्टिकलचा सिलेक्टर मिळतो, दोन तारा आत आणि एक बाहेर, वर बटण. बाकी ताईंनी होम थिएटरच्या मागे कोअॅक्सियलचं नारिंगी भोक आहे का तेही बघावं. प्लेअरला बहुतेक असतंच, आणि त्यातून डॉल्बी तसाच जातो.

कृष्णाकाठ

आमच्या टीव्हीत `Variable` दिसत नाही, आणि बारची पुस्तिका सापडलेली नाही. बारच्या रिमोटवर आवाज वाढवायच्या बटणाला तात्पुरती लाल टिकली चिकटवली आहे. सोमवारी निघतोय. बारला टीव्हीचा रिमोट शिकवायची रीत कुणी स्वतः करून बघितली असेल तर नक्की लिहा, पुढच्या शनिवारी येईन तेव्हा करून बघेन.