रेडिंगचा फ्लॅट: आत शिरतानाची नोंद आणि डिपॉझिट

केतकी, रविवार रात्री

नमस्कार मंडळी,

काल आम्ही रेडिंगमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. भाडं महिना १,३०० पौंड आणि डिपॉझिट पाच आठवड्यांचं, म्हणजे बरोबर १,५०० पौंड. इथे आल्यावरची आमची जवळजवळ सगळी शिल्लक त्यात गेली, म्हणून काळजी वाटते.

एजंटनं ३८ पानांची इन्व्हेंटरी पाठवली आहे. सात दिवसांत काही कळवलं नाही तर ती मान्य आहे असं समजू, असं खाली लिहिलंय. बेडरूमच्या कार्पेटपुढे "चांगलं, किरकोळ वापर" एवढंच आहे. त्यांचा फोटो दारातून काढलेला असल्यामुळे खिडकीखालचा इस्त्रीचा डाग त्यात दिसतच नाही. सिंकजवळचा ओटा फुगलाय, त्याचा उल्लेखही नाही.

मी २१४ फोटो काढलेत. ते सगळे एका ईमेलनं पाठवले की झालं का?

प्रसाद, रविवार रात्री

केतकी, घाई करू नकोस, तुझ्याकडे तीस दिवस आहेत. कायद्यातच आहे ते. आणि त्या इन्व्हेंटरीवर सही मुळीच करू नकोस. सही नसली की ती त्यांना तुझ्याविरुद्ध वापरताच येत नाही. मी तर सगळ्या घराचा एक सलग व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवतो.

अरुणकाका, सोमवार सकाळी

केतकी बेटा, फोटो वगैरे नंतर बघ. आधी त्यांना सांग की ओटा बदला आणि कार्पेटचं काहीतरी करा, तोवर भाडं देणार नाही. आम्ही स्लाऊला आलो तेव्हा मी असंच ठणकावून सांगितलं होतं आणि आठवड्यात माणूस आला होता.

वैशालीताई, सोमवार दुपारी

केतकी, मी रेडिंग आणि स्लाऊ भागात नऊ वर्षं इन्व्हेंटरी क्लार्कचं काम केलं आहे. म्हणजे ती ३८ पानं लिहिणारी बाई मीच असायचे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

प्रसाद, तीस दिवसांची मुदत घरमालकाची असते. डिपॉझिट मिळाल्यापासून तेवढ्या दिवसांत त्यानं ते सरकारमान्य योजनेत संरक्षित करून भाडेकरूला तशी लेखी माहिती द्यायची असते. इंग्लंडमध्ये अशा तीन योजना आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. इन्व्हेंटरीचे सात दिवस वेगळे, ते एजंटनं घातलेले असतात. आणि सही नसली म्हणजे इन्व्हेंटरी बाद, असंही होत नाही. तुला ती पाठवली होती, बघायला वेळ दिला होता आणि तू काही बोलली नाहीस, एवढं त्यांनी दाखवलं तरी ती ग्राह्य धरली जाऊ शकते. गप्प राहण्यात तुझंच नुकसान आहे.

अरुणकाका, तुमच्याकडे माणूस आला हे चांगलंच झालं. पण भाडं थांबवायला तिला सांगू नका, थकबाकी झाली की तीच अडचणीत येईल. शिवाय दुरुस्ती मागणं आणि नोंद करणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच ईमेलमध्ये दोन्ही घातली की एजंट "दुरुस्तीचं कळवलंय" असं उत्तर देतो आणि इन्व्हेंटरी आहे तशीच राहते. केतकी, दोन ईमेल कर. पहिल्यात फक्त नोंद, दुसऱ्यात दुरुस्ती.

आता तुझा मूळ प्रश्न. घर सोडताना वाद झाला आणि तो योजनेकडे गेला, तर निवाडा करणारा माणूस तुझ्या घरी येत नाही. तो कागदावर निर्णय देतो. शिरतानाची नोंद डावीकडे, सोडतानाची उजवीकडे, आणि मधल्या काळात काय बदललं ते घरमालकानं सिद्ध करायचं असतं, कारण पैसे मुळात तुझे आहेत. २१४ फोटोंमधून योग्य फोटो त्यानं शोधावा अशी अपेक्षा धरू नकोस. आधी वाक्य हवं, फोटो त्या वाक्याला आधार म्हणून.

उदाहरणार्थ तुझा इस्त्रीचा डाग. आधी त्यावरून बोट फिरव. कार्पेटचे धागे कडक, वितळून चिकटल्यासारखे लागले तर तो डाग नाही, जळलेला भाग आहे. तसंच लिही. "डाग" लिहिलंस तर सोडताना "डाग साफ करून घ्या" असं म्हणायला जागा राहते, जळलेलं मात्र साफ होत नाही. मग जागा लिही: बेडरूम, खिडकीखाली, डाव्या भिंतीपासून इतके सेंटिमीटर. मग आकार, लांबी आणि रुंदी. त्यावर दोन फोटो पुरेत: एक लांबून, ज्यात खिडकीही दिसेल, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. फोटोंना क्रमांक दे आणि वाक्यात तोच क्रमांक लिही.

भिंतीवरचे खड्डे आणि लाकडी फ्लोअरिंगवरचे ओरखडे समोरून काढलेल्या फोटोत दिसत नाहीत. खोलीत अंधार कर आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश बाजूनं पाड. प्रत्येक खड्ड्याची सावली उठते.

व्हिडिओ जोडीला असू दे. पण व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की त्याचा दर्जा उतरतो आणि फाइलमधली तारखेची माहितीही निघून जाते. मूळ फाइल फोनवर ठेव आणि एजंटला ईमेलनंच पाठव. स्वतःला पाठवून काय उपयोग? समोरच्याला मिळालं होतं, हे दाखवता आलं पाहिजे.

ओंकार, सोमवार संध्याकाळी

वैशालीताई, हे माझ्यासाठीही आहे का? मी हाउन्स्लोला एका घरात खोली घेऊन राहतो, मालक आणि त्यांचं कुटुंब खाली राहतं, स्वयंपाकघर एकच. ६०० पौंड डिपॉझिट दिलंय, पण कुठल्याच योजनेचं पत्र आलं नाही. तीस दिवस होऊन गेले. दंड मागता येईल का?

वैशालीताई, सोमवार रात्री

ओंकार, नाही. मालक त्याच घरात राहतो आणि तू स्वयंपाकघर वाटून वापरतोस, म्हणजे तू लॉजर आहेस. डिपॉझिट योजनेत ठेवण्याचं बंधन त्याला लागू होत नाही. वाद झाला तर तो थेट न्यायालयातच जाईल. म्हणून तुझ्या खोलीची नोंद तू आणखी नीट कर, कारण तुझ्याकडे इन्व्हेंटरीही नसणार. पलंग, गादीच्या दोन्ही बाजू, दाराचं कुलूप, खिडकी. मालकांना ईमेल कर आणि "मिळालं" एवढं एका ओळीचं उत्तर मागून घे.

केतकी, बुधवार रात्री

ताई, खूप आभार. बोट फिरवून पाहिलं, धागे खरंच कडक आहेत, इस्त्रीच्या टोकाचा त्रिकोण स्पष्ट दिसतो. ईमेल इंग्रजीतच पाठवणार आहे, पण आधी इथे मराठीत मजकूर देते:

"बेडरूम, कार्पेट: खिडकीखाली, डाव्या भिंतीपासून ४० सें.मी.वर जळल्याची खूण, १४ × ९ सें.मी., धागे वितळलेले. फोटो १ व २. इन्व्हेंटरीत उल्लेख नाही.

स्वयंपाकघर, ओटा: सिंकच्या उजव्या कडेला सांध्यापाशी २२ सें.मी. लांबीत फुगलेला, वरचा थर एका ठिकाणी सुटलेला. फोटो ३ ते ५.

ओटा, गॅसच्या डावीकडे: पिवळा डाग, रुपयाएवढा. फोटो ६.

बाथरूम: टबच्या कडेचं सीलंट काळं पडलेलं. फोटो ७.

ओव्हन: अस्वच्छ."

तो पिवळा डाग हळदीचा आहे, माझी खात्री आहे. आधीही आपल्याकडचंच कुणीतरी राहत असणार. मी नोंदवला नाही तर सोडताना तो माझ्याच नावावर पडेल.

वैशालीताई, गुरुवार सकाळी

हळदीचा डाग नोंदवलास हे फार बरं केलंस. आपल्या घरात हळद असते हे एजंटलाही दिसतं, त्यामुळे तो डाग तुझाच ठरायला वेळ लागला नसता. मात्र "रुपयाएवढा" काढ, मिलिमीटर घाल.

"ओव्हन अस्वच्छ" यातून काही कळत नाही. काचेच्या आतल्या बाजूला तपकिरी थर, तळाशी करपलेले कण, जाळीवर चिकट तेल, असं लिही. सीलंटचं काळेपण टबच्या किती लांबीत आहे तेही लिही, कारण ते वर्षभरात वाढणार आणि किती वाढलं हाच तेव्हा प्रश्न असेल.

प्रसाद, गुरुवार दुपारी

ताई, सात दिवसांचं लक्षात आलं. पण समजा नोंद राहिलीच, तर त्या जळक्या खुणेसाठी अख्ख्या कार्पेटचे पैसे कापतात ना? माझ्या मित्राचे कापले होते.

वैशालीताई, गुरुवार संध्याकाळी

एजंट मागतात अख्ख्याचे. वाद योजनेकडे नेला तर कार्पेटचं वय बघतात, जुन्याच्या बदल्यात मालकाला फुकट नवं मिळू देत नाहीत. समजा कार्पेट ४८० पौंडांचं, आठ वर्षं टिकेल असं धरलं आणि केतकी सोडेल तेव्हा ते पाच वर्षांचं असेल. उरली तीन वर्षं, म्हणजे जास्तीत जास्त १८० पौंड. किती वर्षं टिकेल यावर मात्र दोन्ही बाजू भांडतात, ठरलेला आकडा नसतो. खूण शिरतानाच नोंदवलेली असेल तर तिच्यासाठी काहीच कापता येत नाही.

केतकी, पुढचा मंगळवार

ईमेल शुक्रवारी गेला, सहाव्या दिवशी. काल उत्तर आलं. इन्व्हेंटरीत चार गोष्टी घातल्या आणि सुधारित प्रत पाठवली. ओव्हनचं मात्र "फाइलवर नोंद घेतली आहे" एवढंच. ते चालेल ना?

आणि एक नवीनच निघालं. आज दहावा दिवस. प्लग शोधायला त्यांचं कपाट थोडं ओढलं तर मागच्या बाहेरच्या भिंतीवर दारापेक्षा थोडा लहान काळपट पट्टा. त्यावर कुणीतरी आधी रंग मारलाय, तो पोपडे येऊन सुटतोय. सात दिवस तर गेले.

अरुणकाका, मंगळवार दुपारी

बेटा, ब्लीचनं पुसून टाक आणि कपाट परत लावू नकोस. हवा खेळली पाहिजे.

वैशालीताई, मंगळवार संध्याकाळी

केतकी, थांब, अजून पुसू नकोस. कपाटाच्या पायांनी कार्पेटवर पाडलेले खळगे आणि त्यांच्याभोवतीची धुळीची रेघ यांचे फोटो आधी काढ. कपाट बऱ्याच दिवसांत हललेलं नव्हतं हे त्यावरूनच दिसतं. सुटलेल्या पोपड्याचा जवळून फोटो घे, आतला जुना काळा थर दिसला पाहिजे. दहा दिवसांत बुरशी येऊन तिच्यावर रंग बसून तो सुटत नाही. मग आजच ईमेल कर: कपाट आज पहिल्यांदा हलवलं, का हलवलं, काय दिसलं. उशिरा आलेल्या नोंदीचं वजन कमी धरतात. किती कमी, ते निवाडा करणाऱ्यावर असतं, मी दोन्ही प्रकारचे निकाल पाहिलेत. ओल कुठून येते ते बघायला दुरुस्तीचा ईमेल वेगळा कर.

ओव्हनबद्दल, "नोंद घेतली" हे उत्तर लेखी आहे, जपून ठेव. माझ्या मते पुरेसं आहे, तरी इन्व्हेंटरीतच घाला असं एकदा पुन्हा लिही.

केतकी, मंगळवार रात्री

दोन्ही ईमेल गेले. काका, पुसलं नाही अजून. खळग्यांचा फोटो छान आलाय, धुळीची चौकट अगदी स्पष्ट दिसते. ओव्हनचं पुन्हा लिहिलं, उत्तर नाही. भिंत बघायला गुरुवारी माणूस पाठवतो म्हणाले, तोवर कपाट खोलीच्या मध्ये उभं आहे.