आकडे होते, पण कोणत्या विधानाचे?

“चंद्रपूरच्या दारूबंदीवर निबंधात इतके आकडे दिले, तरी सरांनी ‘पुरावा अपुरा’ असा शेरा का मारला?”

सरांचा शेरा मला रास्त वाटतो. ‘२०१५ च्या बंदीनंतर पिणे कमी झाले’ हे तथ्यविधान आहे. त्याखाली तुम्ही नोंदवलेल्या गुन्ह्यांचे आणि जप्त बाटल्यांचे आकडे दिले आहेत. जप्ती वाढली म्हणजे चोरटी दारू वाढली असेल किंवा पोलिसांच्या धाडी वाढल्या असतील, आणि लोक किती पितात हे त्यावरून दोन्ही बाजूंनी कळत नाही. त्यासाठी बंदीच्या आधी आणि नंतर त्याच गावांत, त्याच प्रश्नांनी केलेली घरोघरची पाहणी लागते.

पुढे ‘बाईच्या संसारापेक्षा पिणाऱ्याचे स्वातंत्र्य मोठे नाही’ असे वाक्य आहे. हे मूल्यविधान असल्याने तिथे आकडा उपयोगाचा नाही. कोणत्या निकषाने एक गोष्ट दुसरीपेक्षा मोठी मानली ते सांगून विरुद्ध बाजूच्या सर्वांत सबळ आक्षेपाला उत्तर द्यावे लागते. माझ्याही एका निबंधात हीच जागा मी आकड्यांनी भरली होती आणि गुण गमावले होते.

‘बंदी पुन्हा लागू करावी’ हे धोरणविधान वरच्या दोन्हींवर उभे असते, शिवाय त्याला अंमलबजावणीचा हिशेब हवा. २०२१ मध्ये ती का उठवली, शेजारच्या यवतमाळातून येणारी दारू कोण अडवणार, परवाने कमी करण्यासारखा पर्याय का अपुरा, याबद्दल तुमच्या निबंधात एकही ओळ नाही.