शब्दचर्चा: याचिकेत ‘स्वारस्य’ लिहावे की ‘हितसंबंध’?

जुळे सोलापूरचा मास्तर
आमच्या कॉलनीत ड्रेनेजची आणि पिण्याच्या पाण्याची लाइन एकाच चरातून गेली आहे. चार-पाच दिवसांनी नळ सुटतो, तेव्हा पहिली दहा मिनिटे पाण्याला वास येतो. दोन वर्षे निवेदने देऊन झाली. आता आम्ही सहा जण मिळून जनहित याचिका करतोय. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच झाल्याने मुंबईची खेप तरी वाचली. मसुदा अर्थातच इंग्रजीत आहे. सही करण्याआधी सगळ्यांना कळावा म्हणून मी मराठी करतोय आणि तिसऱ्याच परिच्छेदात अडलोय. ‘पर्सनल इंटरेस्ट’ नाही असे लिहायचे आहे. मी लिहिले, ‘याचिकाकर्त्यांना या विषयात वैयक्तिक स्वारस्य नाही.’ शेजारच्या काकूंनी वाचले आणि म्हणाल्या, “स्वारस्य नाही, तर कोल्हापूरला निघालात कशाला?” काय लिहावे?

शब्दवेडा
काकू बरोबर आहेत. ‘स्वारस्य’ हे ‘स्वरस’वरून आले. त्यात गोडी आहे, रुची आहे. ‘मला क्रिकेटमध्ये स्वारस्य नाही’ हे ठीक. कायद्यातला इंटरेस्ट म्हणजे ‘हितसंबंध’. पण सर, मग तुमची पंचाईतच आहे. तेच पाणी तुम्ही पिता, म्हणजे हितसंबंध उघडच आहे. याचिका दुसऱ्या पेठेतल्या माणसाने करायला हवी. दाद मागायचा हक्क कुणाला, ही लोकस नावाची भानगड हीच असते ना?

वकीलबाई
शब्द बरोबर, निष्कर्ष उलटा. एरवी नियम असा की ज्याचे नुकसान झाले त्यानेच दाद मागावी. जनहित याचिकेत तो सैल केला, म्हणून बाहेरचा माणूसही येऊ शकतो. पण त्यामुळे आतल्याला दार बंद होत नाही. रतलामचा 1980 चा निकाल बघा. तिथे उघड्या गटारीशेजारी राहणारे रहिवासीच मॅजिस्ट्रेटकडे गेले होते. नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत. सुप्रीम कोर्टाने ती सबब ऐकली नाही. त्या खटल्याला जनहित याचिका म्हणत नव्हते, पण मुद्दा तोच आहे.

सगळ्या कॉलनीला होतो तो त्रास तुम्हालाही होतो, एवढ्याने तो ‘वैयक्तिक हितसंबंध’ होत नाही. तुमच्यापैकी कुणाचा त्या लाइनच्या ठेकेदाराशी पैशाचा वाद आहे का? कुणाचा प्लॉट त्या कामात जातोय का? कुणी महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहणार आहे का? कोर्टाला हे हवे असते. मुंबई उच्च न्यायालयाचे 2010 चे जनहित याचिकेचे नियम आहेत. त्यात याचिकाकर्ता कोण, काय करतो, त्याचा काही स्वार्थ आहे का, आधी प्रशासनाकडे निवेदन दिले का, हे सगळे सांगावे लागते. असेल तर सांगायचे. लपवलेले नंतर निघाले, तर याचिका बाजूला राहते आणि तुमचीच चौकशी सुरू होते.

बाळीवेसकर
मला पण करायची आहे. शेजाऱ्याने मोरीचा पाइप माझ्या भिंतीत काढलाय. तक्रारीची पोच आहे, फोटो आहेत. मास्तरांच्या याचिकेत माझा एक परिच्छेद घालता येईल का?

वकीलबाई
नाही हो भाऊ. हा तुमच्या दोघांतला वाद आहे, दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागा. आणि कृपा करून मास्तरांच्या याचिकेत घुसू नका. तुमच्या एका परिच्छेदामुळे सहा जणांचा ‘हितसंबंध नाही’ हा मजकूर खोटा पडेल.

बाळीवेसकर
बरं. पण ती घाण रस्त्यावर पण येते.

पूर्व भागातला
आमच्या घरी तेलुगू, त्यामुळे माझ्या मराठीवर हसू नका. पण मी महापालिकेत पाणीपुरवठ्याची कामे पाहिली आहेत. मास्तर, तुम्ही हकीकतीत काय लिहिलंय? ‘दूषित पाणी येते’ एवढंच असेल तर टिकणार नाही. पाणी बंद असताना पाइप रिकामा असतो. जॉइंट सुटलेला असेल आणि बाहेर ड्रेनेज तुंबलेलं असेल, तर ती घाण आत शिरते. नळ सुटला की पहिल्या धारेबरोबर तुमच्या घरात. म्हणून तुमची ती दहा मिनिटं फार महत्त्वाची आहेत. नमुना पहिल्या धारेचा घेतला की अर्ध्या तासानंतरचा, ते लिहा. अर्ध्या तासानं घेतलेला नमुना बऱ्याचदा चांगला निघतो आणि महापालिका तोच दाखवते.

जुळे सोलापूरचा मास्तर
हे कुणी सांगितले नव्हते! आमचा एक नमुना पहिल्या धारेचा आहे, दुसरा टाकीतला. टाकीतला वगळू का?

पूर्व भागातला
वगळू नका. टाकीतला आहे असं लिहा.

शब्दवेडा
‘हकीकत’ की ‘तथ्ये’? मला ‘तथ्ये’ हिंदी वाटते.

वकीलबाई
‘तथ्य’ मराठीत आहेच, ‘त्याच्या बोलण्यात तथ्य आहे’ म्हणतो की आपण. पण तिथे त्याचा अर्थ खरेपणा. कोर्टापुढे मांडलेली गोष्ट अजून सिद्ध व्हायची असते, म्हणून मला जुनी ‘हकीकत’च बरी वाटते. प्रतिज्ञापत्राच्या शेवटचे ‘माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे’ हे शब्दही घाईत लिहू नका. वास तुम्ही स्वतः घेतला, ती माहिती. दोन्ही लाइन एका चरात आहेत हे नकाशावरून कळले, तर ते कशावरून कळले ते सांगा. कोणता पाइप फुटलाय हा अंदाज असेल, तर ती समजूत.

जुळे सोलापूरचा मास्तर
शेवटी ‘प्रार्थना’ आहे. मी लिहिलंय, ‘महापालिकेवर योग्य ती कारवाई करावी.’

वकीलबाई
यावर कोर्ट काय हुकूम देणार? ‘योग्य ती’ म्हणजे काहीच नाही. कामे सांगा. अमुक रस्त्यापासून अमुक चौकापर्यंतची पाण्याची लाइन अमुक मुदतीत ड्रेनेजपासून वेगळी करावी, तोवर टँकर द्यावा, दर पंधरा दिवसांनी पहिल्या धारेची तपासणी करून अहवाल कोर्टात द्यावा. पाणी आणि गटारे ही महापालिका अधिनियमाच्या कलम 63 खाली बंधनकारक कर्तव्ये आहेत, तेही जोडा. नुकसानभरपाई मात्र स्वतःसाठी मागू नका. तिसरा परिच्छेद तिथेच कोसळेल.

शब्दवेडा
‘प्रार्थना’ देवळात. कोर्टात ‘दाद’ म्हणा. आणि कर्तव्य करायला लावणाऱ्या हुकमाला, म्हणजे मँडेमसला, ‘परमादेश’ लिहू नका, आपल्या संविधानाच्या मराठी प्रतीत ‘महादेश’ आहे.

पूर्व भागातला
महादेश वाचून काकू पुन्हा विचारतील, कुठला महादेश.

जुळे सोलापूरचा मास्तर
काकूंना आत्ताच वाचून दाखवले: ‘पाण्याचा त्रास आम्हालाही इतर रहिवाशांइतकाच आहे. त्यापलीकडे या याचिकेत आमचा कोणताही वैयक्तिक हितसंबंध वा आर्थिक लाभ नाही.’ त्यांना पटले. सहा जणांतल्या एकाने मात्र आता सांगितले की त्याचा पुतण्या पाइपचा पुरवठा करतो.

वकीलबाई
कुणाला करतो?

जुळे सोलापूरचा मास्तर
विचारतो.