मदत हवी आहे: खालून गोल चेहरा, डबल चिन, दाढीची गळ्याकडची लाइन कुठं ठेवायची?

कपाशी_दर्यापूर:
नमस्कार मंडळी. वय २८, गाव दर्यापूर तालुक्यात, धंदा शेती. माझा चेहरा गालफडांपेक्षा जबड्याकडं जास्त भरलेला आहे. वजन फार नाही, पण डबल चिन आमच्या घरात वडिलोपार्जित आहे. वडलांना आहे, दोन्ही काकांना आहे, मला तर सातबाऱ्यासोबतच मिळाली. दाढी दाट येते, फक्त कानाखाली गालावर जरा विरळ.

पुढच्या महिन्यात साक्षगंध आहे. म्हणून बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन सेटिंग करून आलो. कारागिरानं पूर्ण दाढी एकसारखी ८ मिमी ठेवली आणि जबड्याच्या हाडावरून वस्तऱ्यानं लाइन मारली. "एकदम शार्प दिसते भाऊ," म्हणाला. समोरून आरशात मलाही बरं वाटलं. घरी आल्यावर बहिणीनं बाजूनं फोटो काढला, तर हनुवटीखालची वळी गुळगुळीत होऊन वेगळीच लटकलेली. पूर्ण सफाचट असायचो तेव्हाही ती एवढी दिसत नव्हती.

आता दाढी काढूनच टाकावी का? ठेवायची तर कुठं किती ठेवावी? घरी ट्रिमर आहे, त्याला १ ते २० मिमीपर्यंतचा सरकणारा कंगवा आहे. आईचं मत आहे की दाढीच नको, पोरगा आजारी वाटतो. ते मत सोडून बाकीची मतं सांगा.

आर्णीचा_वाघ:
काढू नको बे. उलट वाढव, दोन इंच होऊ दे. डबल चिन पुरी झाकते. माह्या मावसभावानं तेच केलं, आता त्याले गळाच नाई असं वाटते.

सकाळी_सहाला:
डबल चिनवर दाढी हा उपायच नाही. जीभ टाळूला लावून मान वर करा, रोज सकाळी. तेलकट बंद करा. रात्री भात नको.

कपाशी_दर्यापूर:
सकाळी_सहाला काका, धन्यवाद, पण साक्षगंध पुढच्या महिन्यात आहे. आणि भात मी तसाही कमीच खातो, आमच्याकडं भाकर असते.

खुर्चीवाला_वणी:
भाऊ, माहं पंधरा वर्षं सलून होतं, आता पोरगा पाहते. तुह्या दाढीत लांबीचा घोळ कमी हाय, लाइनचा जास्त. अगोदर ते समजून घे.

काळी दाढी जबड्याच्या हाडावर संपवली की तिच्या खाली लगेच उघडी, उजळ कातडी सुरू होते. दाढीच्या कडेला लागूनच वळी येते, अन् तिच्यावर उजेड पडते. म्हणजे वळीले आपणच चौकट करून देतो. ज्याचा गळा सपाट हाय त्याले ही लाइन शोभते. ज्याले डबल चिन हाय त्याची लाइन वळीच्या पलीकडं, गळ्यात गेली पाहिजे. मग पूर्ण वळीवर काळी सावली राहते, हनुवटी कुठं संपली अन् गळा कुठं सुरू झाला ते डोळ्याले लवकर समजत नाई. वळी जात नाई बाप्पा, फक्त नजरेत येत नाई.

लाइन सापडवायची अशी. आरशात सरळ समोर पाहा, मान वर करू नको. कंठमण्यावर दोन बोटं आडवी ठेव, वरच्या बोटाची वरची कड म्हणजे लाइनचं सगळ्यात खालचं ठिकाण. वळी जड असली तर एकच बोट धर. तिथून दोन्ही बाजूले कानाच्या पाळीमागं जाणारी उथळ कमान, पाळण्याच्या दोरीसारखी. हाडावर चढवायची नाई.

सगळे जण मान वर ताणूनच मशीन फिरवतात, तिथंच फसतात. ताणली की कातडी वर सरकते. तेव्हा खालीच वाटणारी लाइन मान सोडल्यावर हाडाजवळ निघते. खुणेले मान सरळ ठेव, कापाले मग थोडीशी वर कर.

अन् ही लाइन वस्तऱ्यानं कोरायची नाई. शेवटची बोटभर पट्टी ३ मिमीवर, मग २ वर, मग कंगवा काढून. म्हणजे कड विरघळून जाते.

आर्णीचा_वाघ:
म्हणजे मी बरोबरच बोललो, झाकूनच टाकायचं.

खुर्चीवाला_वणी:
अर्धं बरोबर. खालून झाकायचं, पण बाजूनं वाढवायचं नाई. दोन इंच सगळीकडून सोडली की गालावरचे केस आडवे बाहेर येतात अन् आधीच रुंद असलेला भाग आणखी रुंद होते. तुह्या मावसभावाले गळा नाई असं वाटते म्हणतो, तेच सांगून रायलो. झाकला तर झाकला, पण आता मान थेट खांद्यातून निघाली.

कपाशी भाऊ, तुह्यासाठी माप सांगतो. कल्ले ३ मिमी, गाल ४, जबड्याचा कोपरा ५ ते ६, हनुवटीसमोर १२ ते १४. हनुवटीच्या खाली, वळीवर, ५ ते ६, जास्त नको. वळीवर दाढी लांब झाली की ती खाली फुगते अन् बाजूनं पाहिलं तर डबल चिनले अजून एक मजला चढते. लांबी समोर पाहिजे, खाली फक्त रंग पाहिजे. हनुवटीचा खालचा शेंडा गोल नको, आडवा सपाट काप. गोल चेहऱ्याले गोल शेंडा दिला की पुरा चेंडू.

तुही दाढी आता ८ वर हाय अन् गळा पूर्ण साफ. दाढी महिन्याले साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढते. म्हणजे १५ दिवस गळ्याले हात लावू नको, तिथं ५-६ मिमी येईन, अन् हनुवटीवर १३-१४ होईन. तोवर फक्त कल्ले अन् गाल कमी करत राह्य. हे मधले दिवस गबाळं दिसशीन, आईचं ऐकून घे.

नागपूर_पुणे_शटल:
एक मुद्दा पटला नाही. जबड्याचा कोपरा ५-६ म्हणताय, पण गोल चेहऱ्याला कोपऱ्यावर जास्त केस ठेवूनच चौकोनी आकार देतात. मी कोपऱ्यावर १० ठेवतो, चेहरा चांगला कोरीव दिसतो.

खुर्चीवाला_वणी:
तुमचा चेहरा गालफडाशी रुंद असन अन् खाली निमुळता होत असन, तर १० बरोबर हाय. खाली नसलेला कोपरा तयार होते. याचा चेहरा खालीच रुंद हाय, हे त्यानं पहिल्याच ओळीत लिहिलं. तिथं १० ठेवलं की कानाखालून दोन्हीकडं पोळी फुगल्यासारखं होईन.

नागपूर_पुणे_शटल:
हाडाचा कोपरा दिसतो की नाही त्यावर ठरतं असं मी म्हणेन. बोटानं दाबून हाड लागत असेल तर ८ तरी ठेवून पाहावं. कमी करणं कधीही हातात आहे, वाढवणं नाही.

खुर्चीवाला_वणी:
हे शेवटचं मान्य. मोठ्या आकड्यापासूनच खाली यायचं.

उपकेंद्रवाली_ताई:
दाढीतलं मला कळत नाही, पण तुम्ही बारीक असूनही गळा भरलेला म्हणता आणि घरात अनेकांना आहे, म्हणून एक तपासून घ्या. आरशासमोर पाण्याचा घोट गिळा. हनुवटीखालची वळी तिथंच राहिली तर ती साधी चरबी किंवा ठेवण असण्याची शक्यता जास्त. पण गळ्याच्या पुढच्या खालच्या भागात फुगवटा असेल आणि तो गिळताना वर-खाली सरकत असेल, तर थायरॉइडसाठी डॉक्टरांना दाखवा. ते दाढीत झाकून ठेवू नका.

पांढरी_तूर:
माझी दाढी हनुवटीवरच पांढरी झाली आहे, वय ३६. काळी मेहंदी लावली तर गळ्यावर खाज येते. काय लावावं?

खुर्चीवाला_वणी:
पांढरी_तूर, खाज येते तर आधी ते लावणं बंद कर. बाकीचं वेगळा धागा काढून विचार, इथं गडबड होईन.

कपाशी_दर्यापूर:
ताई, पाणी पिऊन पाहिलं. वळी हलत नाही, खाली फुगवटाही नाही. वडलांनाही प्यायला लावलं, त्यांना वाटलं उचकी लागली म्हणून देतो आहे.

मंडळी, गळा वाढू दिला होता, आज बसलो. दाढी कोरडीच ठेवली, आधी खाली विंचरून घेतली. सुरुवात पूर्ण दाढीवर १४ नं केली, फारसं काही निघालं नाही. मग गाल ६ वर आणि नंतर ४ वर. कानाखालची विरळ जागा ४ वर आल्यावर उलट भरल्यासारखी वाटते, हे अपेक्षित नव्हतं. कोपरा आधी ८ ठेवून फोटो काढला, मग ६ केला. ६ मध्ये चेहरा नक्की अरुंद दिसतो, निदान माझा तरी. शटल भाऊ, माफ करा.

वळीवर ६ फिरवताना केस सगळे एका दिशेनं नाहीत हे कळलं. डावीकडं खाली जातात, उजवीकडं आडवे भोवऱ्यासारखे. एकाच दिशेनं मशीन फिरवलं तर उजवीकडं पट्टे राहिले. वेगवेगळ्या बाजूंनी फिरवल्यावर सारखं झालं. गळ्याची लाइन दीड बोटावर ठेवली.

बहिणीनं खिडकीच्या उजेडात, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरून फोटो काढला. समोरून चेहरा लांबट दिसतो. बाजूनं वळी आहेच, पण कड दिसत नाही. फक्त तीन-चतुर्थांश कोनातून गालाची वरची लाइन खटकते. त्या कारागिरानं ती बरीच खाली आणून वाकवली होती, त्यामुळे गाल मोठे वाटतात. अजून खाली घेऊन सरळ करू का?

खुर्चीवाला_वणी:
खाली मुळीच नेऊ नको. जेवढा उघडा गाल जास्त, तेवढा चेहरा भरलेला. वरचे केस येऊ दे, मग कल्ल्याच्या बुडापासून मिशीच्या कोपऱ्यापर्यंत जवळजवळ सरळ रेघ धर अन् तिच्यावरचे तुरळक केसच काढ. तोवर त्याले हात लावू नको. मिशी पण ओठाच्या कोपऱ्याबाहेर आडवी जाऊ देऊ नको, रुंदी वाढते.

कपाशी_दर्यापूर:
साक्षगंधापर्यंत तेवढे येतील का?

खुर्चीवाला_वणी:
किती दिवस राह्यले त्यावर हाय. आठ-दहा दिवसांत ३-४ मिमी येते, अन् गालावर तुले ४ च पाहिजे. गळ्याची पट्टी मात्र दर तीन-चार दिवसांनी साफ कर, शेवटची आदल्या दिवशी. त्यादिवशी सकाळी वस्तरा लावशीन तर या उन्हात घामानं गळ्यावर लाल पुरळ येईन, अन् सगळ्या फोटोत तेच दिसन.

आर्णीचा_वाघ:
फेटा बांधणार हाय का? फेट्यानं चेहरा उंच होते, निम्मं काम तिथंच होते.

कपाशी_दर्यापूर:
फेटा लग्नात. साक्षगंधाला डोकं उघडंच. बाजूचे केस बारीक करून वर थोडे ठेवायचे म्हणतोय, त्यासाठी पुन्हा तालुक्याला जावं लागेल. या वेळी कारागिराला आधीच सांगेन, दाढीकडं पाहायचं नाही.