आठ जणांच्या टीममध्ये बेल कर्व्ह
> काम चांगलं असेल तर बेल कर्व्हमध्ये पण कोणी खाली ढकलत नाही.

ढकलतात हो. बेल कर्व्ह म्हणजे वर्षाचं रेटिंग आधीच ठरलेल्या टक्केवारीत वाटायचं. त्यातला १० टक्के लोकांना खालचं रेटिंग हा नियम मोठ्या गटासाठी बनतो आणि लावतात आठ जणांच्या टीमला, म्हणजे ०.८ माणूस, तो राउंड होऊन एक अख्खा माणूस होतो. मी लीड असताना नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे रेटिंग त्या टक्केवारीत बसवायच्या मीटिंगला बसलोय, कामावर जेमतेम दहा मिनिटं बोलणं झालं, बाकी वेळ कोण कमी बोंबलेल यावर. शिक्का बसला सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या टीममधून आलेल्या पोरावर, कारण त्याचं काम बघितलेला जुना मॅनेजर त्या खोलीत नव्हताच.

आणि इन्क्रिमेंटचा फटका एका वर्षात संपत नाही. समजा सगळ्यांचा पगार १००, बाकीच्यांना ८ टक्के आणि त्याला शून्य. पुढच्या वर्षी सगळ्यांना ८ टक्के मिळाले तरी ते ११६.६४ वर आणि हा १०८ वर, फरक दरवर्षी वाढतच जातो. त्यामुळे टीम बदलणार असाल तर जुन्या मॅनेजरचा फीडबॅक निघायच्या आधीच सिस्टिममध्ये टाकून घ्या, नंतर कोणी विचारत नाही.